केशतैल आणि केसांची लांबी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात दिनचर्येचा जो तपशील आला आहे, त्यात मस्तकाला नित्य तेल लावणाऱ्या मनुष्यास शिरःशूळ होत नाही, टक्कल पडत नाही, केस अकाली पिकत नाहीत आणि ते काळे, दीर्घ व दृढमूल होतात, अशी ग्वाही दिलेली आहे. ही ग्वाही आपल्या घरांत इतकी मुरली आहे की, कोकणात खोबरेल आणि देशावर तिळाचे, असा तेलाचा फरक पडला तरी सुट्टीच्या सकाळी मुलीला पुढ्यात बसवून तिच्या डोक्यात तेल जिरवल्याखेरीज तिचे केस वाढायचे नाहीत, याविषयी आजी आणि आई यांच्यात दुमत झालेले सहसा आढळत नाही. अलीकडे मात्र तेलाने केवळ मळ साचतो, रंध्रे बुजतात, कोंडा वाढतो, सबब तेल लावूच नये, अशी उलट बाजूही तितक्याच निश्चयाने मांडली जाते. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात सत्याचा अंश आहे. परंतु तो अंश कोठे आहे हे कळावयाचे तर तेल नेमके कोठे लागते आणि तेथे जाऊन काय करते, याची रुजुवात करावी लागते.

केसाची वाढ जेथे होते ती जागा आपल्याला दिसत नाही. त्वचेच्या पृष्ठभागाखाली काही मिलिमीटर खोल असा एक केशकूप असतो, त्याच्या तळाशी रक्तवाहिन्यांनी वेढलेला एक बारीक उंचवटा असतो, आणि त्या उंचवट्याभोवतीच्या पेशी अखंड विभागत राहून वर सरकता सरकता मरतात, कठीण होतात व केराटिन नावाच्या प्रथिनाचा तंतू बनून बाहेर येतात. म्हणजे ज्याला आपण केस म्हणून विंचरतो, तो बाहेर येण्यापूर्वीच निर्जीव झालेला असतो. त्यात रक्त नाही, मज्जातंतू नाही आणि पोषण घेण्याची शक्तीही नाही. तळाशी चालणाऱ्या त्या पेशीविभाजनाला लोह, प्रथिने, अंतःस्रावी ग्रंथींचे रस आणि आनुवंशिकता यांचा हुकूम लागू पडतो. तेलाचा थोडा अंश केशकूपाच्या मुखात उतरतो हे खरे. परंतु त्यामुळे तळाच्या पेशी अधिक वेगाने विभागू लागतात, असे खोबरेल, एरंडेल किंवा आवळेल यांपैकी कोणत्याही तेलाच्या बाबतीत माणसांवरील भरवशाच्या प्रयोगाने सिद्ध झालेले नाही. खोबरेल, एरंडेल आणि मोरोक्कोचे आर्गन तेल या तिन्हींवरील उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा 2022 साली त्वचारोगविषयक एका अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात केसांचा ठिसूळपणा कमी करण्याचा खोबरेलाचा गुण मान्य झाला, आणि एरंडेलाच्या पदरात चकाकी वाढवण्याचा दुबळा दाखला तेवढा पडला. वाढीच्या बाबतीत त्याला भक्कम पुरावा मिळाला नाही.

याचा एक पुरावा घरोघर उपलब्ध आहे, आणि तो कोणालाही पारखून पाहता येईल. ज्या स्त्रिया पांढऱ्या केसांना कलप किंवा मेंदी लावतात, त्यांच्या भांगाशी महिनाभराने पांढरी रेघ उगवते. ती रेघ पट्टीने मोजली तर साधारण एक सेंटिमीटर भरते, कोणाची थोडी अधिक, कोणाची थोडी उणी. आणि त्या महिन्यात तेल आठवड्यातून दोनदा लावले की मुळीच लावले नाही, याने तिच्यात फरक पडत नाही. मुळाशी होणारी वाढ डोळ्यांनी मोजण्याचे यापेक्षा सोपे साधन मला माहीत नाही. चोळण्याच्या क्रियेचे श्रेय तेलाला देण्याची चूकही येथेच टाळली पाहिजे. जपानात नऊ निरोगी पुरुषांवर 24 आठवडे रोज चार मिनिटे मस्तकमर्दन करून पाहिले, तेव्हा केसांची जाडी किंचित वाढल्याचे आढळले, आणि हा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. माणसे अवघी नऊ असल्याने त्यावर फार भार टाकता येत नाही; पण जे काही घडले, ते चोळण्याच्या दाबाने घडले.

मग तेल लावणाऱ्या घरांतून लांब केस दिसतात, ते कसे? येथेच या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भेद लक्षात घ्यावा लागतो. केसांची वाढ आणि केसांची लांबी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मुळाशी जे जमा होते त्यातून टोकाशी जे तुटून जाते ते वजा केले म्हणजे लांबी उरते. कमरेपर्यंत पोहोचलेला, सुमारे 70 सेंटिमीटरांचा केस घेतला, तर त्याचे टोक जवळजवळ सहा वर्षांपूर्वी त्वचेबाहेर आलेले असते. आठवड्यातून दोनदा न्हाण्याचा प्रघात धरला तर त्या टोकाने सहाशेच्या आसपास न्हाणी सोसलेली असतात, आणि प्रत्येक न्हाण्यानंतरची फणी, टॉवेलाचे रगडणे व वेणीचा पीळ हे निराळेच. आता कल्पना करा की, दोन बहिणींच्या केसांची वाढ महिन्याला एक सेंटिमीटर इतकी अगदी सारखी आहे. पण एकीच्या केसांची टोके दरमहा सरासरी अर्धा सेंटिमीटर झिजून तुटतात, तर दुसरीची पाव सेंटिमीटरच. दोन वर्षांनी पहिलीची लांबी 12 सेंटिमीटरांनी वाढलेली असेल आणि दुसरीची 18. दुसरीचे केस तेलाने वाढले असे घरातील सर्व माणसे म्हणतील, आणि त्यांच्या डोळ्यांना जे दिसले ते खोटे नसेल; मात्र त्या सहा सेंटिमीटरांचा उगम मुळाशी शोधला तर तेथे तो सापडणार नाही.

ही झीज कशी होते हे पाहिले म्हणजे खोबरेलाचा गुण स्पष्ट होतो. केसाचे बाह्य आवरण एकावर एक सरकत बसवलेल्या चपट्या खवल्यांचे असते, आणि त्यांची मांडणी छपरावरील कौलांसारखी, मुळाकडून टोकाकडे उतरती असते. न्हाताना केस पाणी पितो व फुगतो, खवल्यांच्या कडा उचलल्या जातात, आणि नेमक्या त्याच स्थितीत त्यावरून फणी फिरली की कडा मोडतात. वाळताना केस पुन्हा आकसतो. असे फुगणे-आकसणे शेकडो वेळा झाले म्हणजे आतील प्रथिनांचा अंश पाण्याबरोबर निघून जातो, आवरण विरळ होते आणि शेवटी टोकाला फाटे फुटतात. मुंबईच्या मॅरिको या कंपनीच्या प्रयोगशाळेतील आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल व खनिज तेल यांची याच कसोटीवर तुलना करून 2003 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. धुण्यापूर्वी किंवा नंतर तेल लावलेल्या केसांच्या बटांतून किती प्रथिन बाहेर पडते हे त्यांनी मोजले, आणि ही हानी ठळकपणे कमी करणारे तेल तिघांत एकटे खोबरेल ठरले. निरोगी केसांतही आणि रासायनिक प्रक्रियेने बिघडलेल्या केसांतही. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवणे रास्तच आहे. परंतु तेल केसाच्या आत खरोखर शिरते की नाही, याचा तपास अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील वस्त्रतंतू-संशोधन संस्थेतील संशोधकांच्या सहभागाने निराळ्या पद्धतीने झाला होता, आणि 2001 साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात केसाच्या आडव्या छेदात खोबरेलाचा माग आतपर्यंत सापडला, खनिज तेलाचा सापडला नाही.

कारण रेणूंच्या ठेवणीत आहे. खोबरेलाचा जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो. त्याची साखळी बारा कार्बनांची, म्हणजे आखूड, आणि सरळ असते, व प्रथिनाशी तिची जवळीक असते. सूर्यफुलाच्या तेलातील साखळ्या लांब आणि वाकड्या असल्याने त्यांना खवल्यांच्या फटींतून वाट मिळणे कठीण जाते, आणि खनिज तेलाला तर प्रथिनाची ओढच नाही. आत शिरलेले खोबरेल केसाला पाणी पिऊ देत नाही, त्यामुळे फुगवटा कमी होतो आणि खवले कमी उचलले जातात. यावरून एक व्यावहारिक नियम आपोआप निघतो: न्हाण्यापूर्वी लावलेले तेल जितके उपयोगी, तितके न्हाल्यानंतर चापूनचोपून लावलेले तेल नव्हे. नंतरच्या तेलाने केस मऊ होतो, गुंता सुटतो, पण पाण्याचा आघात तोवर होऊन गेलेला असतो. दिवाळीच्या अभ्यंगात तेल आधी आणि स्नान नंतर हा जो क्रम आहे, तो केसांच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. तेलाला आत जाण्यास वेळ लागतो, म्हणून ते रात्री लावून सकाळी न्हावे, निदान काही तास तरी ठेवावे. थंडीत बाटलीतले खोबरेल थिजले असेल तर ते 24-25 अंशांवर वितळते, सबब बाटली कोमट पाण्यात ठेवली की पुरे, चुलीवर कडकडीत करण्याचे कारण नाही. खांद्याखालपर्यंतच्या केसांना दोन लहान चमचे तेल भरपूर होते, आणि त्याचा मोठा वाटा केसांच्या निम्म्या लांबीपासून टोकांपर्यंत गेला पाहिजे. कारण जुने, झिजलेले आणि रक्षणाची गरज असलेले केस तेथे असतात. आपल्याकडे याच्या नेमके उलट, टाळूवर ओंजळभर तेल थापून टोकांवरून नुसता हात फिरवण्याची चाल आहे.

एरंडेलाची कथा वेगळी आहे. त्याचा 85 ते 90 टक्के भाग रिसिनोलेइक आम्लाचा असतो, आणि या आम्लामुळे ते इतर तेलांच्या मानाने कित्येक पट दाट व चिकट होते. या दाटपणामुळे ते केसावर जाड थर धरून बसते, केस भरदार दिसतात आणि चकाकतात. भुवया किंवा पापण्यांना लावले असता त्या काळ्या व दाट भासतात, तेही याच थरामुळे. हा थर साबणाने सहजी निघत नाही, आणि क्वचित तो मोठे संकट उभे करतो. भारतातील त्वचाविकारतज्ज्ञांनी 2017 साली एका वीस वर्षांच्या लांब केसांच्या मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. तिने खोबरेल व एरंडेल एकत्र करून केसांना लावले आणि नंतर केस धुतले, तोच सगळे केस एकमेकांत अडकून त्यांचा दगडासारखा टणक गोळा झाला. लोकर पाण्यात रगडून जसा नमदा करतात, तशीच ही क्रिया केसांवर झाली होती. गोळा सोडवण्याचे सर्व उपाय निष्फळ ठरले आणि शेवटी केस कापावे लागले. असा प्रकार विरळा हे खरे. तरी ज्यांचे केस लांब आहेत त्यांनी एरंडेल निर्भेळ वापरू नये, आणि केस डोक्यावर गोळा करून चोळत धुऊ नयेत, एवढी सावधगिरी या प्रकरणावरून घेण्याजोगी आहे.

आवळेलाविषयी तर प्रथम हेच विचारले पाहिजे की, बाटलीत आहे काय? आवळ्याच्या गरात तेल जवळजवळ नसतेच. तो रसाळ, आंबट, तुरट आणि जलप्रधान आहे. म्हणून आयुर्वेदाने आवळ्याचे तेल काढले नाही, ते सिद्ध केले: एक भाग कल्क, चार भाग तीळतेल किंवा खोबरेल आणि सोळा भाग रस किंवा काढा एकत्र करून मंद आचेवर पाणी आटेपर्यंत शिजवायचे, कल्काची वात बोटांत वळता येऊ लागली आणि ती विस्तवावर धरली असता तडतडली नाही म्हणजे पाणी संपले असे समजून गाळायचे. या कृतीत पाण्यात विरघळणारे क जीवनसत्त्व तेलात जवळजवळ उतरत नाही, आणि जे असते त्यालाही दीर्घ आच मानवत नाही. जे उरते त्यातले मुख्य द्रव्य म्हणजे आधाराला घेतलेले तेलच. तेव्हा घरी खोबरेलात सिद्ध केलेले आवळेल खोबरेलाइतके उपयोगी पडेल, अशी अपेक्षा करण्यास हरकत नाही. बाजारातील हिरव्या बाटलीचे तसे नाही. तिच्या पाठीवरील बारीक मजकूर भिंग लावून वाचला, तर घटकांच्या यादीत बहुधा पहिले नाव ‘मिनरल ऑइल’ किंवा ‘लाइट लिक्विड पॅराफिन’ असे असते. ते विषारी नाही, केसांना वरून चकाकी व घसरण देते, फणीचे घर्षणही कमी करते; पण प्रथिनाच्या हानीवर ज्या खनिज तेलाचा उपयोग झाला नाही, ते हेच तेल.

आता मळाच्या आरोपाकडे वळू. केसांच्या मुळाशी तेल साचून रंध्र बुजते आणि आतला केस गुदमरतो, ही समजूत निराधार आहे. केशकूपाला श्वास बाहेरून मिळत नाही, रक्तातून मिळतो, आणि वाढता केस तेलाचा थर सहज भेदून बाहेर येतो. साचण्याची खरी हानी टाळूच्या त्वचेला होते. प्रत्येकाच्या टाळूवर मॅलॅसेझिया नावाचे सूक्ष्म किण्व राहते, आणि बहुतेक जातींतील या किण्वाला स्वतः मेदाम्ले बनवता येत नसल्याने ते त्वचेच्या तैलस्रावावर जगते. प्रयोगशाळेत ते वाढवायचे असेल तर पोषक माध्यमावर ऑलिव्ह तेलाचा थर द्यावा लागतो, एवढ्यावरून त्याचे तेलावरील अवलंबन लक्षात यावे. स्निग्ध पदार्थ फोडून ते ओलेइक आम्लासारखी द्रव्ये मागे टाकते, आणि ज्यांची त्वचा त्यांना सहन करू शकत नाही त्यांच्या टाळूला खाज सुटते, पापुद्रे निघतात; त्यालाच आपण कोंडा म्हणतो. असा पिवळट, चिकट कोंडा पाहून टाळू कोरडी पडली असे समजून त्यावर आणखी तेल चोळणे, हा आपल्या घरांतील सर्वांत प्रचलित आणि सर्वांत अपायकारक उपचार आहे. तेलाने पापुद्रे भिजून केसांना चिकटतात, दोन दिवस दिसेनासे होतात, आणि तिसऱ्या दिवशी खाजेसह परत येतात. अशा माणसाने टाळूला तेल लावू नये. केटोकोनॅझोलसारख्या किण्वरोधक शॅम्पूचा उपयोग करावा, आणि खोबरेल हवेच असेल तर कानाखालच्या केसांपुरते ठेवावे. कपाळाच्या कडेने बारीक पुटकुळ्या उठत असतील तर तीही तेल खाली उतरत असल्याची खूण समजावी.

इतके असूनही तेलाने केस परत आल्याची जबानी देणारी सत्यवचनी माणसे आपल्याला भेटतात, आणि त्यांना खोटे ठरवणे अन्यायाचे होईल. समजा, एक स्त्री चैत्रात बाळंत झाली. गरोदरपणी वाढलेल्या अंतःस्रावांमुळे तिचे पुष्कळ केस नेहमीपेक्षा अधिक काळ वाढीच्या अवस्थेत राहिले होते. प्रसूतीनंतर ते एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात. ही विश्रांती सुमारे तीन महिने चालते आणि तिच्या शेवटी जुना केस गळतो, म्हणून आषाढात फणीला झुबकेच्या झुबके येऊ लागतात व माहेरी घबराट उडते. आई माका, जास्वंद आणि आवळा घालून तेल उकळते आणि श्रावणापासून लावू लागते. पहिल्या काही न्हाण्यांत केस उलट अधिकच हाताला येतात, कारण आधीच सुटलेले केस चोळण्याने निघतात, आई म्हणते, “जाऊ दे गं, दुबळे होते ते गेले.” कार्तिकात गळती ओसरते, आणि फाल्गुनात कपाळाच्या कडेला बोटभर उंचीची नवी लव उभी राहिलेली दिसते. तेल नसते तरीही फाल्गुनात ती लव तेथेच आली असती. कारण जुना केस गळण्यापूर्वीच त्याच केशकूपात नव्याची वाढ सुरू झालेली असते. विषमज्वर, डेंग्यू किंवा मोठी शस्त्रक्रिया यांनंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी गळतीही याच जातीची असते, आणि उपचार सुरू करण्याचा मुहूर्त नेमका तिच्या ऐन भरात लागत असल्यामुळे पुढच्या उताराचे श्रेय जे काही लावले असेल त्याच्या खात्यावर जमा होते.

आपली तक्रार तेलाने निवारण होणारी आहे किंवा नाही, हे ओळखण्याची एक परीक्षा घरच्या घरी करता येते. न्हाल्यानंतर जाळीवर आणि फणीत आलेले केस पांढऱ्या कागदावर पसरावेत आणि उजेडात एकेकाची दोन्ही टोके पाहावीत. ज्याच्या एका टोकाला मोहरीहूनही बारीक असा पांढुरका गड्डा आहे, तो मुळासकट गळलेला केस. असे दिवसाला पन्नास ते शंभर केस जाणे हा देहधर्मच आहे. ज्याला गड्डा नाही आणि जो इतर केसांपेक्षा आखूड आहे, तो मध्येच तुटलेला. आखूड, गड्डा नसलेले तुकडे पुष्कळ असतील तर न्हाण्याआधीचे खोबरेल, दातांत अंतर असलेली फणी आणि ओल्या केसांना हात न लावणे यांचा गुण दोन-तीन महिन्यांत त्याच कागदावर दिसेल. गड्ड्याचेच केस फार असतील आणि तीन महिन्यांपूर्वी प्रसूती किंवा ज्वर झालेला असेल, तर धीर धरावा आणि रक्तातील लोहाचे प्रमाण तपासून घ्यावे. परंतु केस फारसे गळत नसताना भांग मात्र वर्षानुवर्षे रुंदावत असेल, किंवा पुरुषांच्या कपाळाचे कोपरे मागे सरकत असतील, तर केशकूप स्वतःच लहान होत चालला आहे असे जाणावे. तेथे मिनॉक्सिडिलसारखे औषध लागते, ते जितके लवकर सुरू होईल तितके अधिक केस वाचतात, आणि तेलाच्या वाटीत घालवलेल्या वर्षांत जे केशकूप पूर्ण आटून जातात ते नंतर कोणत्याही औषधाने सहसा परत मिळत नाहीत.